गहाण घराचा लिलाव: नोटीस आल्यानंतर तुमचे हक्क

घर गहाण ठेवून कर्ज घेतले आणि हप्ते थकले, तर बँक न्यायालयात दावा न लावताही ते घर विकू शकते. हा अधिकार तिला 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळाला आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. शेतजमिनीला मात्र तो लागू होत नाही. बँकेला ठरलेल्या पायऱ्या पाळाव्याच लागतात आणि प्रत्येक पायरीवर कर्जदाराला काही हक्क असतो. एका उदाहरणातून ते पाहू.

पहिली नोटीस: 60 दिवस

समजा, तुमचा 5 जानेवारीचा हप्ता थकला आणि पुढचेही भरले गेले नाहीत. थकबाकी 90 दिवसांपेक्षा जास्त राहिली की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँकेने 1 मे रोजी कलम 13(2) ची मागणी नोटीस पाठवली. एकूण येणे किती आणि कोणत्या मालमत्तेवर कारवाई होणार, हे तिच्यात लिहिलेले असले पाहिजे. पैसे भरण्यासाठी 60 दिवस, म्हणजे 30 जूनपर्यंत मुदत मिळते.

ही नोटीस घ्यायची टाळू नका. रक्कम चुकली असेल, भरलेला हप्ता जमा दिसत नसेल, तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर दिले पाहिजे. फक्त थकलेले हप्ते भरले तर कारवाई थांबेल का, हेही लेखी विचारा, कारण नोटिशीत मागणी संपूर्ण कर्जाची असते.

या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पण संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक आणता येते. कर्ज फेडणे शक्यच नसेल, तर हा मार्ग लवकर विचारात घ्या. लिलावापेक्षा बरी किंमत येण्याची शक्यता असते.

ताबा: 45 दिवस

मुदत संपल्यावर बँकेने 10 जुलै रोजी दारावर ताब्याची नोटीस लावली. हा बहुधा प्रतीकात्मक ताबा असतो. तुम्ही घरातच राहता, पण कायद्याने ताबा बँकेकडे गेलेला असतो. सात दिवसांत ही नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असते. घर प्रत्यक्ष रिकामे करून घेण्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते.

बँकेने नियम मोडले असतील, तर कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत अर्ज करता येतो. आपल्या उदाहरणात ही मुदत 24 ऑगस्टला संपते. अशा तक्रारीसाठी दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. न्यायाधिकरणाने स्थगिती दिल्याशिवाय नुसत्या अर्जाने लिलाव थांबत नाही.

विक्रीची नोटीस: सर्वांत महत्त्वाची तारीख

विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवली जाते. त्या किमतीपेक्षा कमी दरात विकायचे तर कर्जदाराची संमती लागते. पहिल्या लिलावासाठी कर्जदाराला 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो लिलाव फसला, तर पुढच्या वेळी 15 दिवसांची नोटीस पुरते.

येथेच अनेकांची गफलत होते. हातोडा पडेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते, असा समज आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर तसे राहिलेले नाही. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच खर्चासह पूर्ण येणे भरले, तरच घर सोडवण्याचा हक्क टिकतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. उदाहरणात ही नोटीस 1 सप्टेंबरला छापून आली, तर पैसे 31 ऑगस्टपर्यंत बँकेत पोहोचले पाहिजेत. लिलाव ऑक्टोबरमध्ये असला, तरी तोपर्यंत थांबून चालत नाही.

लिलावानंतर

समजा, घर 17 लाखांना विकले गेले. बँकेचे व्याजासह येणे 12 लाख 40 हजार आणि खर्च 40 हजार, मिळून 12 लाख 80 हजार. त्या घरावर दुसऱ्या कोणाचा बोजा नसेल, तर उरलेले 4 लाख 20 हजार तुमचे आहेत. लेखी अर्ज करून हिशेब मागा. घर 11 लाखांनाच गेले, तर उरलेल्या 1 लाख 80 हजारांसाठी बँक तुमच्यावर वसुलीची कारवाई करू शकते. लिलाव झाला म्हणजे कर्ज संपले, असे नाही.

प्रत्येक नोटिशीवर ती मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीटही जपून ठेवा. मुदत पाळली गेली की नाही, हे सिद्ध करताना त्याचा उपयोग होतो.