तिसरा हिस्सा एकाच ग्राहकाचा

प्रश्न : एरंडोलमध्ये आमची अन्नसुरक्षा सल्लागार फर्म आहे. ३० लाखांपैकी १० लाख जळगावच्या एकाच डाळ मिलकडून येतात. तिच्यासाठी आराखडा कसा करावा?

उत्तर : आधी त्या १० लाखांतले कोणते काम कोणाच्या सांगण्यावरून येते ते लिहा. ८ लाख एकट्या गुणवत्ता व्यवस्थापकाकडून येत असतील, तर त्याने नोकरी सोडताच ते काम डळमळते. खरा धोका हाच. म्हणून दर तिमाहीला मालकांसमोर बसा आणि तपासणीतल्या किती त्रुटी मिटल्या, किती माल परत आला, हे आकड्यांत दाखवा. कामाची व्याप्ती लेखी ठरवा. फुकटची वाढीव कामे नफा खातात. उद्यम नोंदणी असल्यास लेखी करारातही उधारी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. नवे ग्राहक मात्र आजपासूनच शोधा.