पडद्यामागची वही

शाळेचं नाटक बसवताना प्रॉम्प्ट बुक, म्हणजे क्यूची वही, ठेवायला लागल्यापासून जे कळत गेलं ते असं.

१. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून रिंगच्या फाइलीत लावावी. उजवीकडे संवाद येतात, डावीकडचं कोरं पान क्यूसाठी राहतं. लिहायचं पेन्सिलीनेच. प्रकाशाचे क्यू प्र-१, प्र-२, ध्वनीचे ध्व-१, ध्व-२. मध्येच नवा क्यू निघाला तर त्याला १२अ म्हणावं. पुढचे आकडे बदलले, की दिव्यांवरच्या मुलाच्या हातातला जुना कागद खोटा ठरतो.

२. ‘वादळ सुरू होतं तेव्हा’ असं लिहून काही कळत नाही. कुठल्या शब्दावर, तिथे संवादातच रेघ मारावी. मात्र मुलं वाक्यं गाळतात, हालचाली सहसा गाळत नाहीत. म्हणून जमेल तिथे क्यू कृतीवर बांधावा: आजी कंदील ओट्यावर ठेवते, तेव्हा.

३. प्रत्येक क्यूच्या अर्धं पान आधी ‘तयार’ लिहावं आणि हेडफोनवरून किंवा विंगेतून तसं सांगावं. सोडण्याचा इशारा एकच, ‘गो’. ‘आता’ नको, कुणी ‘आता नको’ म्हणालं तरी दिवे जातात!

४. सगळ्यात उपयोगी रकाना शेवटचा: ‘क्यूनंतर काय चालू आहे?’ बहुतेक वह्यांत फक्त बदल असतो. समजा, प्र-१४ ला दुपारचा पिवळा प्रकाश आठ सेकंदांत निम्म्यावर येतो, प्र-१५ ला पिवळा पूर्ण जातो आणि निळा येतो. वहीत प्र-१५ पुढे नुसतं ‘निळा वर’ लिहिलंय. एवढ्यात शेतकरी झालेला मुलगा दीड पान गाळून थेट रात्रीच्या संवादावर पोचतो. प्र-१४ राहून गेला. साध्या डिमरवरचा मुलगा वहीबरहुकूम निळा वर नेतो. पिवळा भर दुपारसारखा तळपतच राहतो. त्याऐवजी ‘निळा ६०, पिवळा ०, कंदिलावरचा स्पॉट ४०’ असं पूर्ण लिहिलेलं असलं, तर मधला क्यू सोडूनही रात्र नीट होते. ध्वनीचंही तेच. ‘पाऊस चालू, गाणं बंद’ असं लिहिलं नाही, तर ज्याचा बंद होण्याचा क्यू गाळलेल्या पानात होता, ते गाणं पुढच्या प्रवेशात वाजत राहतं.

गाळले तरी चालतील अशा क्यूंना मी कंस करते. विजेचा एखादा लखलखाट हुकला तर प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. दार वाजण्याचा आवाज मात्र हवाच, नाहीतर दार उघडायला कुणी उठत नाही.

५. टॉर्चवर निळा जिलेटिन कागद चिकटवावा. पांढरा उजेड विंगेतून रंगमंचावर सांडतो.

६. रंगीत तालमीआधीच्या एका तालमीला वही दुसऱ्याच मुलीच्या हातात द्यावी आणि आपण प्रेक्षागृहात बसावं. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नये; वहीत जिथे ती अडली, तिथेच लिहून द्यावं.