नऊ खुणा, तीन चुका

इंदूरमध्ये हिंदी माध्यमात शिकलेले विद्यार्थी मराठी लिहू लागतात, तेव्हा त्यांच्या परिच्छेदात पुढल्यासारखी वाक्ये हमखास आढळतात. नमुना मी वर्गासाठी रचला आहे.

‘काल मी आईबरोबर बाजारला गेलो. मीने एक नवी पुस्तक घेतली. दुकानमध्ये गर्दी होती. पुस्तक महाग होती, पण आईने पैसे दिले. घरी येऊन मीने ती पुस्तक आजीला दाखवली.’

सगळा मजकूर शुद्ध करून लिहून दिला, तर विद्यार्थी तो उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘मीने’ लिहितो. म्हणून मी दुरुस्ती न लिहिता नुसत्या रेघा मारतो आणि समासात एक अक्षर घालतो: लिंगासाठी ‘लिं’, विभक्तीसाठी ‘वि’, सामान्यरूपासाठी ‘सा’. इथे रेघा होतात नऊ.

त्यांतल्या पाच ‘लिं’च्या आहेत: नवी, घेतली, होती, ती, दाखवली. पण या पाचही जागी कारण एकच. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. एकदा ते स्त्रीलिंगी धरल्यावर विशेषण, सर्वनाम आणि क्रियापद या मुलाने बिनचूक जुळवले आहे. म्हणजे त्याला क्रियापदाचा धडा नको आहे. लिंग बदलणाऱ्या शब्दांची ओळख हवी आहे. ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. ‘चाय’ स्त्रीलिंगी, ‘चहा’ पुल्लिंगी. पुढच्या लेखनात ‘माझी आवाज’ आले, तर त्याने फक्त ‘पुस्तक’ हा एक शब्द सुधारला, असे समजावे.

‘मीने’ दोनदा आले. हे उघडच ‘मैंने’वरून. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना असा ‘ने’ लागत नाही. त्याने ‘आईने’ बरोबर लिहिले आहे, तेव्हा ‘ने’ सगळीकडून काढू नकोस, हेही सांगावे लागते. नाहीतर ‘आई पैसे दिले’ असे वाचायची पाळी येते!

उरल्या दोन ‘सा’च्या: बाजारला, दुकानमध्ये. हिंदीत ‘बाजार को’ म्हणताना मूळ शब्द हलत नाही. मराठीत ‘बाजाराला’, ‘दुकानामध्ये’ असा आकार येतो. ‘आजीला’ बरोबर आहे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ‘आजी’चे सामान्यरूप ‘आजी’च राहते. ‘घरी’ही बहुधा कानावर पडून आलेले. त्यामुळे मी झाड, वाघ, गाव यांना ‘ला’ लावायला सांगतो. ‘झाडला’ म्हणाला, की नियमच माहीत नाही, हे कळते.

एका वेळी मी एकच गट हाती घेतो, आधी लिंगाचा, कारण पाच जागा एकदम सुटतात. त्या जागा विद्यार्थ्याने स्वतः दुरुस्त करायच्या. बाकीची अक्षरे समासात तशीच राहतात.

एकदाच आलेली चूक मात्र गटात ढकलू नये. ती घाईतली असू शकते. विस्कळीत विचार किंवा कृत्रिम वाक्य यांनाही अक्षर पुरत नाही. तिथे विद्यार्थ्याला समोर बसवून ‘तुला काय म्हणायचे होते?’ असे विचारावे लागते.