वाहतुकीचे टप्पेवार दर आणि दोन दारांची युक्ती

साखर बंदरावर पाठवायची आहे. समजा, वाहतूकदाराने पहिल्या १०० टनांस टनामागे ६०० रुपये, पुढच्या १०० टनांस ५०० व त्यापुढच्या १०० टनांस ४०० असा दर दिला. आपला माल १५० टन. हातचा हिशेब सोपा: ६०,००० अधिक २५,०००, म्हणजे ८५,००० रुपये.

संगणकाला नुसते "कमीत कमी खर्च काढ" सांगितले, तर तो ६५,००० दाखवतो! त्याने स्वस्त टप्पा आधी भरला, उरलेले ५० टन मधल्यात घातले आणि ६०० च्या टप्प्याला हातच लावला नाही. दोष त्याचा नाही, क्रम आम्हीच सांगितला नव्हता.

म्हणून टप्प्यांतील टनांना क, ख, ग म्हणू आणि मध्ये प व फ ही दोन दारे बसवू. दाराची किंमत ० म्हणजे बंद, १ म्हणजे उघडे.

```
१००प ≤ क ≤ १००
१००फ ≤ ख ≤ १००प
० ≤ ग ≤ १००फ
```

प उघडायचे तर आधी क पुरता १०० भरावा लागतो. फ उघडायचे तर ख. आता क १००, ख ५०, ग शून्य येतो आणि खर्च बरोबर ८५,०००.

मात्र किंमत ० किंवा १ च हवी, हे संगणकाला बजावून सांगावे. दारे अर्धी उघडू दिलीत, तर तो तिन्ही टप्प्यांत पन्नास-पन्नास टन घालून ७५,००० दाखवील. बिल मात्र ८५,००० चेच येणार.

दर टप्प्यागणिक चढते असतील, तर दारांची गरजच नाही. स्वस्त टप्पा तेव्हा आपोआप आधी भरतो.