आधी किरणोपचाराचा प्रश्न

कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यानंतर तो पुन्हा घडवायचा की नाही, आणि घडवायचा तर सिलिकॉनच्या रोपणाने की शरीराच्याच मांसल भागाने, हा प्रश्न बहुतेक घरांत दिसण्याचा आणि खर्चाचा म्हणून चर्चिला जातो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर सर्वाधिक अवलंबून असते ते शस्त्रक्रियेनंतर छातीवर किरणोपचार, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागणार की नाही यावर. प्रस्तुत लेखिकेला हे शस्त्रक्रियेच्या मेजावरून उठल्यावर कळले आणि त्याची किंमत दुसऱ्या शस्त्रक्रियेने मोजावी लागली. त्या अनुभवातला खाजगी भाग बाजूला ठेवून इतरांच्या उपयोगाचा तेवढा येथे नोंदवला आहे.

रोपण म्हणजे सिलिकॉनच्या आवरणात भरलेले सिलिकॉनचेच जेल. कोणतीही परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती तंतुमय पेशीजालाचे पातळ कवच विणते. एरवी हे कवच मऊ राहते आणि त्याचा त्रास होत नाही. किरणोपचार मात्र उरल्यासुरल्या कर्करोगपेशी मारताना त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्याही अरुंद करतो आणि जखम भरून काढणाऱ्या पेशींना गरजेपेक्षा जास्त तंतू विणायला लावतो, त्यामुळे कवच जाड होत आक्रसते व आतल्या रोपणाला मुठीत धरल्यासारखे आवळते. ही प्रक्रिया उपचार संपला म्हणून थांबत नाही, ती पुढे महिनोन् महिने चालू राहते. अमेरिका व कॅनडातील अकरा केंद्रांच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी रोपण असलेल्या सुमारे 39 टक्के जणींना, तर स्वतःच्या ऊतींनी स्तन घडवलेल्या सुमारे 26 टक्के जणींना दोन वर्षांत काही ना काही गुंतागुंत झाली. पण खरा फरक पुनर्रचना पूर्णच वाया जाण्यात होता, कारण ते प्रमाण रोपणात 18.7 टक्के आणि स्वतःच्या ऊतींत अवघे 1 टक्का होते. किरणोपचार न घेतलेल्यांत रोपण वाया जाण्याचे प्रमाण 3.7 टक्केच होते, हेही लक्षात घेतले पाहिजे, कारण दोष रोपणात नसून रोपण आणि किरण यांच्या गाठीत आहे.

लेखिकेच्या बाबतीत हीच गाठ आधी ओळखली गेली नाही. एकलहरे येथील वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या या स्त्रीच्या डाव्या स्तनात सव्वातीन सेंटिमीटरची गाठ होती, सोनोग्राफीत काखेतील लसिकाग्रंथी स्वच्छ दिसत होत्या, आणि त्यामुळे स्तन काढून त्याच वेळी रोपण बसवावे असे ठरले. शस्त्रक्रिया चालू असताना काखेतील पहिल्या ग्रंथींची तातडीची तपासणी झाली, तीत रोग सापडला, म्हणून काख साफ करण्यात आली. योजना मात्र आधीच ठरलेली असल्याने रोपणही बसवले गेले. आठवड्याभराने आलेल्या अहवालात चार ग्रंथी बाधित निघाल्या. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा चार वा अधिक ग्रंथी बाधित असतील तर स्तन काढल्यावरही किरणोपचार द्यावा, हा सर्वमान्य संकेत आहे. एक ते तीन ग्रंथींच्या वेळीही तो पुष्कळदा दिला जातो. चूक कोणाच्या हाताची नव्हती. ‘ग्रंथी बाधित निघाली तर रोपण बसवू नये’ हे एक वाक्य संमतिपत्रावर कोणी लिहिले नव्हते आणि रुग्णानेही विचारले नव्हते, एवढेच.

पुढे सुमारे साडेपाच महिने केमोथेरपी झाली आणि मग तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, नाशिकला जाऊन पंधरा मात्रा घेतल्या. किरणोपचारानंतर सातव्या-आठव्या महिन्यात पहिली खूण शिंप्याने पकडली: ब्लाउजची डावी बाजू वर चढत होती. त्यानंतर स्तन घट्ट गोळ्यासारखा झाला, कुशीवर झोपणे दुखू लागले. कवच आक्रसण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. हाताला मऊ लागणारी पहिली, तर घट्ट, वाकडी आणि दुखरी ती चौथी, आणि लेखिका वर्षाच्या आत चौथीवर पोहोचली होती. येथे एक भेद ओळखता यायला हवा. आक्रसणे हळूहळू होते आणि त्यासाठी ठरलेल्या भेटीपर्यंत थांबता येते, पण अचानक लाली, ऊब, ताप किंवा चकचकीत पातळ होत गेलेली त्वचा दिसली तर ती संसर्गाची किंवा रोपण बाहेर डोकावण्याची खूण असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

उपाय स्वतःच्या ऊतींचा निघाला. त्यामागचे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही: टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून घडवले गेले आणि 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापले गेले. हलवलेला भाग आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो, हेच तेथील मर्म. स्तनासाठी पाठीचा रुंद स्नायू तसाच देठासह वळवता येतो; पोटाची त्वचा व चरबी घ्यायची असेल तर स्नायू जागीच ठेवून तिच्या रक्तवाहिन्या कापून, बरगडीजवळच्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या जातात. किरणोपचाराने रोडावलेल्या जागी असा ताजा रक्तपुरवठा येतो, म्हणून तेथे हा भाग रोपणापेक्षा टिकतो.

लेखिकेवर किरणोपचारानंतर वर्षभराने पोटाच्या ऊतींची ही शस्त्रक्रिया झाली. मध्ये साधारण सहा ते बारा महिने जाऊ देतात, कारण त्वचेचा दाह ओसरायला तेवढा अवधी लागतो. आणि किरणोपचार निश्चित असताना हा भाग आधीच बसवला तर तोही किरणांखाली येऊन आकसू शकतो किंवा त्यातील चरबी मरून टणक गाठी होतात, म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक आधी किरण आणि मग ऊती हाच क्रम पसंत करतात. पोटाच्या वाहिन्या पाहण्यासाठी आधी सीटी अँजिओग्राफी केली जाते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा छोटा व्रण बहुधा आड येत नाही, पण तो सांगायला हवा. त्याहून अधिक सांगायला हवी ती मिश्री. दातांना लावली जाते म्हणून ती तंबाखूत धरली जात नाही, परंतु तिच्यातील निकोटीन नेमक्या याच बारीक वाहिन्या आवळते आणि किमान चार आठवडे आधीपासून ती बंद ठेवावी लागते. शस्त्रक्रिया नऊ तास चालली, आणि पहिले दोन-तीन दिवस परिचारिका दर तासाला नव्या स्तनाचा रंग, ऊब आणि नाडीचा आवाज तपासत होत्या, कारण वाहिनीत गुठळी झाली तर काही तासांतच पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. पोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहिला, तो कायमचा आहे.

यावरून सर्वांनी पोटाचीच ऊती घ्यावी असा अर्थ काढणे चूक ठरेल. गाठ लहान, ग्रंथी स्वच्छ आणि किरणोपचाराची शक्यता नगण्य असेल तर रोपण छोट्या शस्त्रक्रियेत बसते, दुसरा व्रण होत नाही, आणि पुढे कधीतरी ते बदलावे लागेल एवढी तयारी ठेवली की भागते. अनिश्चितता असेल तर स्तन काढताना त्वचेखाली फुगवता येणारी पिशवी ठेवून अहवालाची वाट पाहता येते, अथवा काहीच न बसवता छाती सपाट ठेवून निर्णय वर्षभर लांबवता येतो. उशिरा केलेली पुनर्रचना कमी दर्जाची नसते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही एकत्र विचारावे की किरणोपचाराची शक्यता किती आहे, आणि शस्त्रक्रियेदरम्यान ग्रंथी बाधित निघाली तर योजना कोणती. उत्तर लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. पोटाच्या त्वचेने घडलेल्या स्तनाला बराच काळ, पुष्कळदा कायमच, उष्णतेची जाणीव पुरती नसते. थंडीत त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.