शंका-समाधान : प्रवेशाचा फनेल मधेच फुगतो तेव्हा

प्रश्न : आमच्या व्यवस्थापन महाविद्यालयात प्रवेशाचा फनेल चार्ट दर आठवड्याला संचालकांपुढे ठेवावा लागतो. यंदाचे आकडे असे : पूर्ण अर्ज 800, लेखी चाचणी 480, मुलाखत 540, ऑफर 300, फी भरली 210. मुलाखतीची पट्टी चाचणीच्या पट्टीपेक्षा रुंद दिसते आणि टक्केवारी निघते 112.5! संचालक विचारतात, हे 60 विद्यार्थी आले कुठून? मुलाखत आधी आणि चाचणी नंतर असा क्रम लावला तर चालेल का? – प्रवेश विभाग, नाशिक

उत्तर : क्रम बदलला तर चार्ट देखणा होईल, पण माहिती चुकीची देईल. फनेलमध्ये एक अट गृहीत असते : प्रत्येक टप्प्यावरचे विद्यार्थी आधीच्या टप्प्यावरच्यांपैकीच असले पाहिजेत. एक्सेल ही अट तपासत नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांच्या पट्ट्या तेवढ्या एकाखाली एक मांडतो. तुमच्याकडे चाचणी आणि मुलाखत कुठल्याही क्रमाने होते, म्हणून ही अट तिथे मोडते.

आता त्या 60 जणांकडे वळू. 800 अर्जदारांची चार गटांत विभागणी करा. तुम्ही जोडलेल्या यादीतून ती अशी निघते : दोन्ही झालेले 430, फक्त चाचणी झालेले 50, फक्त मुलाखत झालेले 110, दोन्ही न झालेले 210. म्हणजे 60 ही कुठल्याही खऱ्या गटाची संख्या नाही. ती 110 आणि 50 यांची वजाबाकी आहे. क्रम उलटा लावला असता, तर ‘मुलाखतीनंतर 60 जण गळले’ असं वाचलं गेलं असतं. प्रत्यक्षात मुलाखत होऊन चाचणी न दिलेले 110 आहेत, आणि त्यांतल्या 80 जणांना सीईटीच्या गुणांमुळे तुम्ही चाचणीतून सूटच दिली आहे. चाचणी खरोखर राहिलेली आहे ती 30 जणांची.

म्हणून फनेलमध्ये फक्त ज्यांचा क्रम कधीच बदलत नाही असे टप्पे ठेवा. चाचणी आणि मुलाखत मिळून ‘पूर्तता’ हा एकच टप्पा करा : त्या विद्यार्थ्याला जे जे लागू आहे ते सगळं झालं, की तो पूर्ततेत आला. त्यासाठी दर अर्जदाराची एकच ओळ हवी आणि प्रत्येक कामाच्या रकान्यात ते झाल्याची तारीख हवी. B मध्ये अर्ज, C मध्ये चाचणी, D मध्ये मुलाखत आणि E मध्ये सूट (‘होय’) धरली, तर :

```
=COUNTIFS(B:B,">0",C:C,">0",D:D,">0")
+COUNTIFS(B:B,">0",C:C,"",D:D,">0",E:E,"होय")
```

उत्तर येईल 430 + 80 = 510. मग फनेल असा होतो : अर्ज 800, पूर्तता 510, ऑफर 300, फी 210. टप्प्यागणिक टक्केवारी साधारण 64, 59 आणि 70. ऑफर मिळालेले सगळे त्या 510 मधलेच आहेत ना, हेही तपासा. पूर्ततेआधीच कुणाला तात्पुरती ऑफर दिली असेल, तर अट पुन्हा मोडते.

उरलेल्या 290 जणांचा छोटा तक्ता चार्टशेजारी द्या : मुलाखत बाकी 50, चाचणी बाकी 30, काहीच झालेलं नाही 210. कुणाला मुलाखतीची वेळ द्यायची आणि कुणाला चाचणीसाठी फोन करायचा, हे या तक्त्यावरून ठरेल.

प्रश्न : आमच्याकडे फी भरलेले काही विद्यार्थी कॅपच्या पुढच्या फेरीत दुसरीकडे जागा मिळाली की प्रवेश रद्द करतात. मग प्रतीक्षा यादीतल्यांना ऑफर जाते. फनेलचा शेवटचा आकडा कधी वाढतो, कधी घटतो. तो कसा दाखवावा? – पुणे

उत्तर : तुम्ही एकाच पट्टीत दोन प्रश्नांची उत्तरं देत आहात. ‘आजवर किती जणांनी फी भरली’ हा एक प्रश्न आणि ‘आज किती जागा भरलेल्या आहेत’ हा दुसरा. फनेलमध्ये पहिलाच घ्या : एकदा टप्पा गाठलेला विद्यार्थी त्या मोजणीतून पुन्हा वजा होत नाही. प्रतीक्षा यादीतून ऑफर मिळालेलाही ऑफरच्या टप्प्यात एकदाच मोजायचा. दुसऱ्या प्रश्नासाठी खाली एक ओळ पुरते. समजा 210 जणांनी फी भरली आणि 25 जणांनी प्रवेश रद्द केला, तर आज भरलेल्या जागा 185.

आणखी एक खबरदारी घ्या. जूनमध्ये आलेले अर्ज आणि जूनमध्ये भरलेली फी यांची तुलना करू नका, कारण फी भरणाऱ्यांतले बरेच जण मे महिन्यातले अर्जदार असतात. ज्या महिन्यात अर्ज आले, त्याच अर्जदारांचा शेवटपर्यंत माग ठेवा. जूनमधल्या अर्जदारांचा निकाल अजून लागायचा असेल, तर त्यांचा फनेल ‘अपूर्ण’ असा शेरा मारूनच दाखवा. नाहीतर यंदा प्रतिसाद कमी आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.