ई-रीडर घेण्याआधी फाइल उघडून बघा

समजा मुलगी लातूरकडची आहे, पुण्यात राज्यसेवेची तयारी करते आहे. दिवसाचे आठ-नऊ तास अभ्यासिकेत जातात, महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने गावी येणं होतं आणि प्रत्येक वेळी पाठीवर पुस्तकांची जड सॅक. आईवडिलांना तिच्या पाठीचीही काळजी आणि डोळ्यांचीही. ई-रीडर घेऊन दिला तर दोन्ही प्रश्न सुटतील असं कुणीतरी सुचवतं. हा प्रश्न घेऊन पालक येतात तेव्हा मी यंत्राबद्दल काही सांगण्याआधी तिची पुस्तकं कोणत्या स्वरूपात आहेत ते विचारतो. उत्तराचा बराचसा भाग तिथेच असतो.

डोळ्यांची शंका आधी उरकून टाकू. मोबाइलचा पडदा मागून प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म काळे-पांढरे कण असतात. विजेच्या झटक्याने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटलं की स्थिर राहतात, म्हणून बॅटरीही अनेक दिवस पुरते. आपण पाहतो तो पानावरून परतलेला प्रकाश असतो. रात्रीसाठी दिवा असतो, पण तोही कडेने पडद्यावर पसरतो. तेव्हा तासन् तास वाचायचं तर मोबाइलपेक्षा ई-रीडर सुसह्य, हे नक्की. मात्र सलग चार तास जवळ धरून वाचलं तर डोळे कागदावरही थकतातच. अधूनमधून मान वर करून लांब पाहण्याला पर्याय नाही.

खरी अडचण पीडीएफची. कथा-कादंबऱ्या किंवा दुकानातून घेतलेली ई-पुस्तकं ईपबसारख्या स्वरूपात असतात. त्यांतला मजकूर पाण्यासारखा वाहता असतो, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचं गोठलेलं चित्र. आणि स्पर्धा परीक्षेचं साहित्य बहुतेक पीडीएफमध्येच मिळतं. एनसीईआरटीची पुस्तकं प्रकरणवार पीडीएफ, बालभारतीची पीडीएफ, क्लासच्या नोट्स पीडीएफ.

थोडा हिशेब करू. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंटिमीटर, सहा इंची ई-रीडरच्या पडद्याची जेमतेम ९. पूर्ण पान त्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं, म्हणजे औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीएवढं. इंग्रजी कसंबसं वाचता येईल, पण मराठीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. कडेची कोरी जागा कापली तर अक्षर ७ पॉइंटपर्यंत येतं. यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचलं तर ९ पर्यंत. सात इंची यंत्र आडवं धरल्यास साडेदहाच्या आसपास, आणि हे तासभर वाचता येतं. दहा इंची यंत्रात कडा कापलेलं पान उभंच जवळजवळ मूळ आकारात दिसतं, पण ते लहान यंत्रापेक्षा बरंच महाग पडतं.

ही परीक्षा घरीच घेता येते. मुलीच्या रोजच्या वापरातली पीडीएफ संगणकावर उघडा आणि पडद्याला पट्टी लावून पान ९ सेंटिमीटर रुंदीचं होईपर्यंत लहान करा. तिला तेवढ्यात दहा मिनिटं वाचायला सांगा. निर्णय तीच देईल.

पीडीएफचं ईपब करून घेऊ, असं कुणी म्हणेल. कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते करतं आणि साध्या इंग्रजी मजकुरावर बरं काम करतं. तक्ते, नकाशे, दोन स्तंभांचं पान आलं की गोंधळ होतो. मराठीत आणखी एक मेख आहे. आपल्याकडच्या कितीतरी फाइली जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेल्या असतात. पानावर अक्षरं सुबक दिसतात, पण आतला मजकूर निराळाच असतो. तपासायला सोपं आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी जशीच्या तशी आली तर रूपांतर जमेल. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर जमणार नाही. ओळ निवडताच येत नसेल तर ती स्कॅन केलेली चित्रं आहेत, तिथे नुसत्या रूपांतराने काही होत नाही.

आता कागदाकडे. वजन सोडलं तर अभ्यासाच्या पुस्तकाला कागद अजूनही का सोयीचा, याचं कारण उजळणीत आहे. राज्यघटनेवरचा जाड ग्रंथ कुणी एकदा वाचून ठेवत नाही, तो पाच-सहा वेळा फिरतो. चौथ्या वेळी हात आपसूक योग्य जागी उघडतो. डाव्या पानावर खाली, लाल रेघेशेजारी आणीबाणीची तरतूद होती, हे आठवतं. दोन कलमं ताडून पाहायला बोट एका पानात अडकवता येतं. ई-रीडरवर मागेपुढे उड्या मारणं संथ असतं आणि अक्षराचा आकार बदलला की मजकुराची जागाही बदलते. नॉर्वेच्या ॲन मॅन्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५० जणांनी २८ पानांची रहस्यकथा वाचली, काहींनी कागदावर, काहींनी किंडलवर. बहुतेक चाचण्यांत फरक पडला नाही, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे कागदावर वाचणाऱ्यांना अधिक नीट सांगता आलं. प्रयोग लहान आहे, मजकूर कथेचा आहे, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी इतिहासाचा क्रम पाठ करणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

म्हणून लातूरच्या त्या मुलीला मी दोन ढीग करायला सांगेन. जे परीक्षेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणार आहे, म्हणजे राज्यघटना, अर्थशास्त्र, स्वतःच्या नोट्स, ते कागदावर. जे एकदाच वाचायचं आहे, म्हणजे चरित्रं, इतिहासाची अवांतर पुस्तकं, निबंधासाठीचं वाचन, ते ई-रीडरवर. जाड ग्रंथ गावी न्यायचा असेल तर बाइंडरकडून त्याचे तीन भाग करून घ्यावेत. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. पुस्तक फाडायला जीव धजत नाही, हे मला माहीत आहे, पण दोन वर्षांत ते तसंही उसवणार असतं. चार दिवसांच्या मुक्कामाला एक भाग, एक वही आणि २०० ग्रॅमच्या आसपासचं ते यंत्र एवढंच सॅकमध्ये राहतं.

यंत्र घेतलंच तर कडक कव्हर त्याच दिवशी घ्या. ई-रीडरचा पडदा आतून ठिसूळ असतो. गच्च भरलेल्या बॅगेत डब्याचा कोपरा टेकला तरी तो आतून तडकतो. वरून ओरखडा दिसत नाही, पण पडद्याचा एक भाग गोठतो किंवा रेघा उमटतात. दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या जवळ जातो. आणि रात्रीच्या गाडीत हलत्या सीटवर कागद काय, ई-रीडर काय, दोन्हीने मळमळतं. तिथे वाचनाचा हट्ट धरू नये, झोप घ्यावी.

एकदाच वाचायच्या ढिगात वर्षभरात दहा-बारा पुस्तकंही येत नसतील आणि बाकी सगळं मराठी स्कॅन पीडीएफ असेल, तर सहा इंची ई-रीडर घेऊ नका. ते पैसे छापील पुस्तकांवर, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगवर खर्च करा.